क्लोझापिन आणि रक्ततपासणीची सक्ती: पार्श्वभूमी

अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरील औषधासाठीची रक्ततपासणीची सक्तीची नोंदयोजना काढून टाकली. या निर्णयावर मनोविकारतज्ज्ञांत अजून वाद चालू आहे. तो समजण्यासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागते.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही स्किझोफ्रेनिया आटोक्यात येत नाही, तेव्हा क्लोझापिनचा विचार होतो. हे औषध १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात विक्रीला आले. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आणि त्यांतले आठ जण संसर्गाने दगावले. अनेक देशांनी औषध मागे घेतले. १९८८ च्या एका अमेरिकी चाचणीने चित्र पालटले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के सहा आठवड्यांत सुधारले, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर.

ब्रिटनमध्ये पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, वर्ष पूर्ण होईपर्यंत पंधरवड्याला आणि पुढे दर चार आठवड्यांनी तपासणी, असा क्रम रूढ झाला. अमेरिकेत साप्ताहिक तपासणी सहा महिने चाले. अहवालाची नोंद नसेल तर औषध अडवले जाई. पेशी घटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो आणि नंतर झपाट्याने उतरतो. तरीही वीस वर्षे गोळी घेणाऱ्यालाही दरमहा सुई टोचून घ्यावी लागे. एखादा अहवाल उशिरा आला की औषध तुटे आणि आजार उलटे. सक्तीविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता आणि माझ्या मते तो रास्त आहे. भारतात अशी मध्यवर्ती सक्ती नसल्याने सगळा भार डॉक्टरवर आणि घरच्यांवर राहिला. म्हणून इथे काळजी वेगळीच आहे: सुरुवातीच्या महिन्यांतलीच तपासणी राहून जाते.

सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातला चौतीस वर्षांचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने होते आणि दोन-तीन आठवड्यांत मात्रा हळूहळू ३०० च्या आसपास नेली जाते. तालुक्याच्या लॅबचा अहवाल येतो, त्यात एकूण पांढऱ्या पेशी ४२०० आणि न्यूट्रोफिल ३८ टक्के. गुणाकार केला की न्यूट्रोफिलची संख्या १५९६ येते, म्हणजे १५०० च्या नेहमीच्या मर्यादेच्या जेमतेम वर. नुसती टक्केवारी पाहून हे कळत नाही, म्हणून हा आकडा दर वेळी वहीत लिहायचा. ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासायचे.

मग तो लग्नासाठी तीन दिवस बाहेरगावी जातो आणि गोळ्या घरीच राहतात. नियमित औषध घेण्याचा प्रश्न इथे एरवीपेक्षा अवघड होतो. ४८ तासांहून अधिक खंड पडला की पूर्वीची मात्रा एकदम सुरू करता येत नाही, कारण रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते. पुन्हा १२.५ पासून चढावे लागते. म्हणून किती गोळ्या चुकल्या हे डॉक्टरांना खरे सांगता यावे, असे घरातले वातावरण हवे. रागावलेल्या घरात रुग्ण चुकलेल्या गोळ्या लपवतो आणि धोका तिथेच वाढतो.

बिडीचेही तसेच. धुरामुळे यकृत हे औषध लवकर निकामी करते. रुग्णालयात दाखल झाल्यावर बिडी सुटली की तीच मात्रा जड होते, आठवडाभरात लाळ, गुंगी वाढते आणि डोस कमी करावा लागतो. तंबाखू मळून खाल्ल्याने असे होत नाही, कारण हा परिणाम निकोटीनचा नसून धुराचा आहे.

पन्नास वर्षे सगळे लक्ष रक्तावर राहिल्याने आतडी मात्र मागे पडली. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते आणि दुर्लक्षित बद्धकोष्ठातून आतडे अडकून मृत्यू होतात. २०२० मध्ये अमेरिकेत याबद्दलचा इशारा अधिक कडक करण्यात आला. शौच कधी झाले हे रुग्ण लाजेने आपणहून सांगत नाही, म्हणून भेटीत ते विचारावे लागते. तीन दिवस शौच नाही, पोट फुगले किंवा उलटी झाली, तर घरगुती काढ्यावर थांबू नये. रेचक औषध अनेकदा सुरुवातीपासूनच जोडले जाते. वजन, कंबरेचा घेर, साखर आणि चरबीची तपासणी औषधाआधी, तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा होते. पहिल्या महिन्यात छातीत दुखणे, धाप किंवा जोराची धडधड असेल तर हृदयाच्या स्नायूंचा दाह झाला नाही ना, हे लगेच पाहावे लागते.

सक्ती उठली तरी पेशींवर लक्ष ठेवण्याची शिफारस अमेरिकेतही कायम आहे. तपासणी चुकली म्हणून औषध अडवले जात नाही, एवढाच बदल झाला. जुन्या रुग्णांत तपासणी किती अंतराने करावी, यावर मात्र देशोदेशी अजून एकमत नाही.