वेबर की अँपिअर-मीटर? चुंबकीय एकध्रुवाच्या समीकरणांमागची पार्श्वभूमी

नौपाड्यात दर रविवारी सकाळी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची काही मुले माझ्याकडे भौतिकशास्त्र शिकायला येतात. गेल्या महिन्यात त्यांना एक छोटे गणित दिले होते: सर्वांत लहान चुंबकीय एकध्रुवाचा, म्हणजे नुसता उत्तर किंवा नुसता दक्षिण ध्रुव असलेल्या कणाचा, प्रभार काढा. ऐरोलीहून येणाऱ्या मुलीने उत्तर आणले ४.१४ × १०⁻¹⁵, कळव्याच्या मुलाने ३.२९ × १०⁻⁹. दोघांनी आकडेमोड तपासली, चूक सापडेना. चूक नव्हतीच. एकाचे पुस्तक चुंबकीय प्रभार वेबरमध्ये मोजत होते, दुसऱ्याचे अँपिअर-मीटरमध्ये. या दोन उत्तरांमधला फरक कुठून आला, हे सांगताना विषयाचा बराच इतिहास सांगावा लागला. तो इथे लिहून ठेवतो.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपतो. मॅक्सवेलची समीकरणे आज आपण ज्या सुटसुटीत रूपात लिहितो, ते रूप १८८० च्या दशकात घडले. ते घडवणाऱ्यांपैकी एकाने विद्युत आणि चुंबकीय अशा दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून ‘चुंबकीय प्रवाह’ ही राशीही समीकरणात लिहून ठेवली होती. तो प्रवाह खरोखर वाहतो, असा त्याचा दावा नव्हता. १८९४ मध्ये एका फ्रेंच शास्त्रज्ञाने मुक्त चुंबकीय प्रभार निसर्गात असू शकतो, असे गंभीरपणे सुचवले. पुढची साडेतीन दशकांहून थोडी अधिक वर्षे फारसे काही घडले नाही.

एकध्रुव असेल तर समीकरणे अशी होतात:

```
div B  = μ0 ρm
curl E = −∂B/∂t − μ0 Jm
```

ρm ही चुंबकीय प्रभाराची घनता आणि Jm ही चुंबकीय प्रवाहाची. बाकीची दोन समीकरणे जशीच्या तशी राहतात. पहिल्या ओळीबद्दल कुणाला शंका येत नाही. चुंबकीय रेषांना उगम मिळाला, म्हणजे अपसरण शून्य राहणार नाही. मुले अडतात ती दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या पदाच्या उणे चिन्हापाशी. अँपिअरच्या नियमात विद्युत प्रवाह अधिक चिन्हाने येतो, मग प्रवर्तनाच्या नियमात चुंबकीय प्रवाह उणे का?

कारण चिन्ह निवडायची मोकळीक आपल्याला नसतेच. कोणत्याही सदिश क्षेत्राच्या कर्लचे अपसरण शून्य असते. दुसऱ्या ओळीच्या दोन्ही बाजूंचे अपसरण घ्या आणि div B च्या जागी पहिली ओळ भरा. हाती येते:

```
∂ρm/∂t + div Jm = 0
```

हे चुंबकीय प्रभाराच्या अक्षय्यतेचे विधान आहे. चिन्ह अधिक घेतले असते, तर एकध्रुव एका जागेतून बाहेर पडल्यावर तिथला प्रभार वाढला असता, जे अशक्य आहे. नुसते पहिले समीकरण बदलून दुसरे तसेच ठेवले, तर एकध्रुवाला जागचे हलताच येणार नाही. म्हणून अपसरणाचा नियम बदलला की प्रवर्तनाचा नियम बदलावाच लागतो. मॅक्सवेलने विस्थापन प्रवाह घातला, तेव्हाही प्रभाराची अक्षय्यता अशीच सांभाळली गेली होती.

आता त्या दोन उत्तरांकडे येतो. वरच्या ओळी अँपिअर-मीटर पद्धतीच्या आहेत. तिच्यात एकध्रुवाला छोट्या पट्टीचुंबकाचे एक टोक मानले जाते. द्विध्रुव आघूर्ण अँपिअर-मीटर-वर्ग या एककात असते, त्याला लांबीने भागले की टोकाची तीव्रता अँपिअर-मीटरमध्ये मिळते. वेबर पद्धतीत एकध्रुवातून एकूण जेवढा फ्लक्स बाहेर पडतो, तोच त्याचा प्रभार. दोन्ही समीकरणांतला μ0 प्रभारातच सामावतो आणि ओळी नुसत्या `div B = ρm`, `curl E = −∂B/∂t − Jm` अशा होतात.

हा नुसता एककांचा प्रश्न वाटतो, पण मागे मोठा वाद होता: मूळ चुंबकीय क्षेत्र कोणते, B की H? ध्रुवांपासून विचार सुरू करणाऱ्या जुन्या पिढीला H मूळ वाटे. ध्रुवावरचे बल म्हणजे ध्रुव गुणिले H, आणि मग ध्रुव वेबरमध्ये येतो. प्रवाहांपासून सुरू करणाऱ्यांना B मूळ. त्यांच्यासाठी बल म्हणजे ध्रुव गुणिले B, आणि ध्रुव अँपिअर-मीटरमध्ये येतो. विसाव्या शतकात प्रवाहवाल्यांची सरशी झाली आणि अँपिअर-मीटर रूढ झाले. पट्टीचुंबकासाठी ते योग्यच आहे, कारण तिथे टोके ही केवळ हिशेबाची सोय असते, आत फिरतात ते प्रवाह आणि स्पिन. खऱ्या एकध्रुवासाठी मात्र मला वेबर अधिक प्रामाणिक वाटतो. एकध्रुव सापडला तर उपकरण त्याची टोकाची तीव्रता मोजणार नाही, मोजेल तो फ्लक्स. पुढचा हिशेबही वेबरमध्ये एका ओळीत संपतो. पाठ्यपुस्तकांनी पट्टीचुंबकाचे एकक न विचारता एकध्रुवाला लावले, याने विद्यार्थ्यांचे नुकसान झाले आहे असे माझे मत आहे.

१९३१ साली एका ब्रिटिश सैद्धांतिक शास्त्रज्ञाने दाखवले, की जगात कुठेही एक जरी एकध्रुव असला, तरी क्वांटम यांत्रिकीशी मेळ बसण्यासाठी विद्युत प्रभार आणि चुंबकीय प्रभार (वेबरमध्ये) यांचा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाच्या पूर्ण पटीत असावा लागतो. म्हणून सर्वांत लहान चुंबकीय प्रभार h/e, म्हणजे ४.१४ × १०⁻¹⁵ वेबर. त्याला μ0 ने भागा, ३.२९ × १०⁻⁹ अँपिअर-मीटर मिळतात. ऐरोली आणि कळवा दोघेही बरोबर.

शोधाला जोर आला तो १९७४ नंतर. दोन सैद्धांतिकांनी स्वतंत्रपणे दाखवले, की काही एकीकरण सिद्धांतांत एकध्रुव आपोआप निर्माण होतात. असे एकध्रुव प्रचंड जड आणि म्हणून बहुधा मंदगती असणार. मंद कण वाटेतले अणू पुरेसे आयनित करत नाहीत, त्यामुळे नेहमीचे शोधक आंधळे ठरू शकतात. याला पर्याय म्हणून पुढे आली अतिसंवाहक तारेची कडी. तिच्यात प्रवर्तनाचा बदललेला नियम जसाच्या तसा वापरला जातो आणि कणाच्या वेगाला महत्त्व उरत नाही.

कडी जमिनीला समांतर आहे आणि g वेबरचा उत्तरध्रुव खालून वर जातोय, असे धरा. ध्रुव दूर असताना कडीतून वर जाणारा फ्लक्स शून्य. तो जवळ येतो तसा फ्लक्स वाढत कडीच्या पातळीखाली g/2 होतो. पातळी ओलांडताच रेषा कडीतून खाली जाऊ लागतात, म्हणून फ्लक्स एकदम −g/2 होतो. पुढे ध्रुव दूर जाता जाता तो पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे ध्रुवाच्या फ्लक्सचा एकूण बदल शून्य. जुना फॅरडेचा नियम इथे फसवतो: मधल्या उडीच्या क्षणी तो अनंत विद्युतदाब सांगतो आणि शेवटी प्रवाह शून्य. नवे पद दोन्ही दुरुस्त करते. उडी g ने खाली असते, त्याच क्षणी चुंबकीय प्रवाह g ने वर जातो, दोन्ही एकमेकांना रद्द करतात आणि प्रवर्तित दाब सलग राहतो. अतिसंवाहकात तारेभोवतीचा दाब शून्यच राहावा लागतो, म्हणून कडीत स्वतःचा प्रवाह उभा राहतो:

```
L I = −g
```

ध्रुव निघून गेला तरी हा प्रवाह टिकतो. आपल्याकडच्या रुग्णालयांतल्या एमआरआय यंत्रांच्या मुख्य वेटोळ्यात प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो, त्याच गुणामुळे. ओळखायची खूणही यातच आहे. साधा चुंबक कडीतून पार गेला, तर प्रवाह चढतो आणि पुन्हा शून्यावर येतो, कारण दोन्ही टोकांची बेरीज शून्य. कायमची पायरी उमटली, तरच एकध्रुवाचा संशय घ्यायचा.

पायरीची उंचीही आधी ठरलेली असते. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या वाहतात, म्हणून तिथला फ्लक्स-क्वांटम h/2e आहे. एकध्रुवाचा प्रभार h/e, म्हणजे दर वेढ्याला बरोबर दोन क्वांटम. १९८२ च्या १४ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत ५ सेंटीमीटर व्यासाच्या, चार वेढ्यांच्या नायोबियम तारेच्या वेटोळ्याने अशी एक पायरी नोंदवली. अपेक्षा होती आठ क्वांटमची, आणि उंची त्याच्या अगदी जवळ निघाली.

हे किती सूक्ष्म आहे, ते ठाण्याच्या हिशेबाने पाहू. आपल्याकडे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. ५ सेंटीमीटर व्यासाच्या एका वेढ्यातून त्याचा सुमारे ८ × १०⁻⁸ वेबर फ्लक्स जातो, म्हणजे एकध्रुवाच्या प्रभाराच्या दोन कोटी पटींच्या आसपास. वेटोळे जरासे हलले तरी खोटी पायरी उमटेल. म्हणून बाहेरचे क्षेत्र अतिसंवाहक कवचाने अडवतात. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला हलवावी लागली होती. इथली गरज त्याहून कितीतरी कडक आहे.)

त्या दिवसाच्या नोंदीचे पुढे काय झाले? यांत्रिक धक्क्याने पायरी उमटली असेल, ही शक्यता पूर्ण बाद करता आली नाही. म्हणून एकाहून अधिक वेटोळी असलेले मोठे शोधक बांधले, म्हणजे खरा एकध्रुव एकाच वेळी जुळणाऱ्या पायऱ्या देईल आणि एकट्या तारेचा धक्का तसे करू शकणार नाही. अशी नोंद पुन्हा मिळाली नाही. पायरीची उंची आणि आकार पाहता मला ती नोंद अजून अस्वस्थ करते. पण एका तारेवरची एक पायरी पुरावा ठरत नाही, हा निर्णय बरोबरच होता.

आता विद्युत आणि चुंबकीय यांच्यातल्या द्वैताकडे वळतो. दोन्ही प्रभार मान्य केले की समीकरणांचा संच एका फिरवण्याखाली तसाच राहतो. अँपिअर-मीटर पद्धतीत:

```
E'  = E cos α + cB sin α
cB' = cB cos α − E sin α
cq' = cq cos α + g sin α
g'  = g cos α − cq sin α
```

α काटकोन घेतला, तर विद्युत आणि चुंबकीय यांची अदलाबदल होते. हे नुसते सौंदर्य नव्हे, यातून एक अडचण उभी राहते. जगातल्या प्रत्येक कणासाठी g आणि q यांचे गुणोत्तर एकच असते, तर असा एक α निवडता आला असता, की सगळ्यांचा g शून्य होईल. मग एकध्रुव नाहीत असे म्हणणे आणि सगळेच कण एकध्रुव आहेत असे म्हणणे यांत मोजता येणारा फरक उरत नाही. म्हणून ‘एकध्रुव आहे का?’ याचा नेमका अर्थ असा: g आणि q यांचे गुणोत्तर इतरांपेक्षा वेगळे असलेला एक तरी कण आहे का? इलेक्ट्रॉनचा g शून्य धरणे हा आपण ठरवून घेतलेला संकेत आहे, मोजमाप नव्हे.

२००९ नंतर याच शब्दाचा आणखी एक गुंता झाला. डिस्प्रोशियम टायटेनेटच्या थंड स्फटिकांत ‘एकध्रुव’ दिसल्याच्या बातम्या आल्या. तिथे सुटे होतात ते H चे उगम, म्हणजे div H शून्य नसते. div B मात्र सर्वत्र शून्यच राहते आणि प्रवर्तनाच्या नियमात नवे पद येत नाही. B आणि H चा जुना वाद मिटवायला हवा होता, तो इथे परत डोके वर काढतो.

खऱ्या एकध्रुवाचा शोध आज मोठ्या प्रवेगकांपाशीही चालतो. टकरींच्या जागेजवळ ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या ठेवतात, कारण मंदावलेला एकध्रुव ॲल्युमिनिअमच्या अणुकेंद्रकाला चिकटून अडकू शकतो. नंतर प्रत्येक पट्टी अतिसंवाहक कडीतून हळूच आरपार नेतात आणि पट्टी बाहेर आल्यावर कडीत प्रवाह उरला का, ते पाहतात. आतापर्यंतच्या कोणत्याही पट्टीने तो उरवलेला नाही.