शून्याच्या डावीकडचा लॉग

1/x चं इंटिग्रेशन ln|x| + C असं आपण लिहितो, आणि त्या दोन उभ्या रेघा बहुतेक जण पाठच करून टाकतात. x धन असताना ln x चा डेरिव्हेटिव्ह 1/x येतो, हे पटलेलं असतं. ऋण x पाशी मात्र शंका येते: केवल मूल्य घेतल्यावर आतली संख्या धन झाली, मग उत्तर 1/|x| का नाही?

आलेख काढून बघा. ln x ची वक्ररेषा y-अक्षाच्या उजवीकडे असते. अक्षावर आरसा धरला की डावीकडे तिचं प्रतिबिंब पडतं, आणि दोन्ही मिळून ln|x| चा आलेख होतो. डेरिव्हेटिव्ह म्हणजे चढ, आणि चढ मोजताना आपण नेहमी डावीकडून उजवीकडे चालतो. उजव्या फांदीवर असं चालताना आपण वर जातो, डाव्या फांदीवर उतरत येतो. तीव्रता तेवढीच, चिन्ह उलटं. 2 पाशी चढ 1/2 आहे, म्हणून −2 पाशी −1/2. x च्या जागी −2 घातलं तर 1/x ची किंमतही हीच येते.

कॅल्क्युलेटरवर ताडून पाहता येतं. −2.1 पाशी ln|x| ची किंमत सुमारे 0.7419 आहे आणि −1.9 पाशी 0.6419. म्हणजे 0.2 पुढे आलो आणि 0.1 खाली उतरलो, चढ जवळजवळ −0.5.

चिन्हांत मांडायचं तर ऋण x साठी |x| = −x, म्हणून आपल्याला ln(−x) चा डेरिव्हेटिव्ह हवा आहे. साखळी नियमाने तो

1/(−x) × (−1) = 1/x

असा येतो. आतल्या −x चा डेरिव्हेटिव्ह −1 आहे, हे विसरलं की हाती −1/x उरतं, आणि ऋण x साठी तेच 1/|x| असतं. सुरुवातीची शंका नेमकी इथून येते.

याच गोष्टीवरून एकेकाळी मोठा वाद झाला. १७१२-१३ च्या पत्रव्यवहारात योहान बर्नुली लाइब्निट्झना सांगत होते की log(−x) आणि log x चे डेरिव्हेटिव्ह सारखे आहेत, तेव्हा ते लॉगही समानच. लाइब्निट्झना हे मान्य नव्हतं. पुढे ऑयलरने यातली फट दाखवली: डेरिव्हेटिव्ह सारखे असले, तर दोन फलांत एका स्थिरांकाचा फरक असू शकतो. संमिश्र संख्यांत log(−x) आणि log x मध्ये तसा फरक खरोखरच आहे, आणि iπ ही त्याची एक किंमत.

वास्तव संख्यांतही हा स्थिरांक लक्षात ठेवावा लागतो. शून्यापाशी आलेख तुटलेला आहे, म्हणून दोन्ही फांद्या स्वतंत्रपणे वर-खाली सरकवता येतात. उजवीकडे ln x + 5 आणि डावीकडे ln(−x) − 3 घेतलं, तरी डेरिव्हेटिव्ह दोन्हीकडे 1/x च राहतो. म्हणूनच −1 ते 1 या मर्यादांत 1/x चं इंटिग्रेशन करताना ln|1| − ln|−1| = 0 असं लिहिणं चूक आहे: मधल्या शून्यापाशी 1/x अमर्याद होतो, आणि ते इंटिग्रल अस्तित्वातच नसतं.