साधन वापरणारे आधीच चपळ असतील तर?

कार्यालयात एआय लेखन-साधन आलं की काही महिन्यांनी हिशेब मांडला जातो: वापरणाऱ्यांना एवढा वेळ लागतो, न वापरणाऱ्यांना तेवढा. सोपा हिशेब आहे, पण फसवा. तो कुठे फसतो ते एका काल्पनिक उदाहरणात पाहू.

तक्रारींना उत्तरं लिहिणारे 200 कर्मचारी आहेत, सगळ्यांकडे सारखंच काम. चिठ्ठ्या टाकून 100 जणांना साधन दिलं, उरलेल्या 100 जणांना नाही. मिळालेल्यांपैकी 60 जणांनीच ते वापरलं. त्यांना एका उत्तराला सरासरी 32 मिनिटं लागली, हाताशी असूनही न वापरणाऱ्या 40 जणांना 42. दहा मिनिटांची बचत! पण नवं साधन हौसेनं उघडणारी माणसं मुळातच भरभर लिहिणारी असू शकतात. मग हे श्रेय साधनाचं की माणसांचं?

म्हणून चिठ्ठीत ज्याला जो गट आला, त्याच गटात त्याला मोजायचं, साधन वापरो वा न वापरो. साधन मिळालेल्या सगळ्या 100 जणांची सरासरी येते 36 मिनिटं. न मिळालेल्यांची समजा 40 आहे. म्हणजे साधन वाटल्याचा परिणाम फक्त 4 मिनिटं. न वापरणाऱ्यांवर काहीच परिणाम झाला नाही असं धरलं, तर ही बचत 60 जणांच्या वाट्याची. प्रत्येकी पावणेसात मिनिटांच्या आसपास. दहा मात्र नाहीत. (चिठ्ठ्या मात्र मोजणी सुरू होण्याआधी टाकायच्या. साहेबांनी ‘उत्साही’ लोक निवडून दिले की सगळं मुसळ केरात.)

वेळ किती वाचला हे कर्मचाऱ्यांनाच विचारावं का? नको. 2025 मध्ये एमईटीआर या संस्थेनं 16 अनुभवी प्रोग्रामरांच्या 246 कामांपैकी कोणत्या कामात एआय वापरू द्यायचं हे असंच नशिबावर सोडलं. एआयची मुभा असलेल्या कामाला 19 टक्के जास्त वेळ लागला. प्रोग्रामरांना मात्र नंतरही वाटत होतं की एआयमुळे आपला 20 टक्के वेळ वाचला. हा प्रयोग लेखनाचा नव्हता, पण माणसाच्या अंदाजावर किती विसंबावं ते त्यातून कळतं. वेळ नोंदीतूनच घ्यावा.

आणि कोणाचा वेळ? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच राहून जातो. साधनानं लिहिलेलं उत्तर गुळगुळीत पण लांबलचक असेल, तर वरिष्ठ ते तपासण्यात जास्त वेळ घालवतात. चुकीचा नियम त्यात शिरला तर तीच तक्रार पुन्हा येते. लिहिणाऱ्याची 4 मिनिटं वाचली आणि तपासणाऱ्याची 5 गेली, तर कार्यालय तोट्यातच. त्यामुळे दर्जा तपासणाऱ्याला उत्तर कोणत्या गटातून आलं हे कळू द्यायचं नाही, आणि घड्याळ मसुदा पूर्ण झाल्यावर नव्हे, तक्रार मिटल्यावर थांबवायचं.