वरच्या मजल्यावरचा खलबत्ता

वरच्या घरातली माणसं काय बोलतात ते खाली सहसा कळत नाही. पण त्यांच्याकडे खलबत्त्यात लसूण ठेचायला घेतला की एकेक ठोका मोजता येतो. स्लॅब तोच आहे. मग एक आवाज अडतो आणि दुसरा का अडत नाही?

बोलणं हवेतून येतं. ते खाली पोहोचायचं तर हवेच्या इवल्याशा दाबाने अख्खा स्लॅब हलायला हवा. सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 360 किलो असतं, त्यामुळे तो फारसा हलत नाही आणि आवाज 50 डेसिबलच्या आसपास घटतो. बत्त्याला मात्र हवेची गरजच नसते. तो ओट्याला किंवा लादीला धक्का देतो, लादी खालच्या सिमेंटला, सिमेंट स्लॅबला. सगळं एकमेकांना घट्ट चिकटलेलं असल्यामुळे थरथर वाटेत कुठेही जिरत नाही आणि खालच्या घराचं छतच लाउडस्पीकरच्या पडद्यासारखं हलू लागतं. स्लॅब दुप्पट जाड केला तरी बोलण्याचा आवाज जेमतेम पाच-सहा डेसिबलने आणखी कमी होतो, आणि आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबल घटावे लागतात. बांधून झालेल्या इमारतीत वजन वाढवत राहणं हा उपाय नाहीच. धक्क्याची साखळी मध्येच तोडावी लागते.

ती तोडायची जागा म्हणजे लादी आणि स्लॅब यांच्या मधली. वरच्या घराचं नूतनीकरण निघालं असेल, तर 10 बाय 12 फुटांच्या बेडरूमचं काम असं चालतं: जुनी लादी आणि तिच्याखालचा मालाचा थर काढून स्लॅब उघडा करायचा. चारही भिंतींच्या कडेने फोमची पट्टी उभी लावायची, तयार लादीच्या पातळीहून थोडी उंच. मग स्लॅबवर याच कामासाठी बनवलेली फोमची किंवा रबराची लवचीक शीट अंथरायची, सांधे टेपने बंद करायचे आणि वर प्लास्टिकचा कागद घालायचा. त्यावर जाळी टाकून दोन इंचांचा सिमेंटचा थर आणि मग लादी. आता ही जमीन स्लॅबला किंवा भिंतीला कुठेच टेकत नाही, ती शीटच्या स्प्रिंगवर तोललेली आहे. वरचा थर जड आणि शीट मऊ, ही जोडी महत्त्वाची. नुसती मऊ शीट घालून वर पातळ लाकडी पट्ट्या टाकल्या, तर फरक पडतो, पण इतका नाही.

त्या खोलीत दोन इंचांच्या थराचं वजन सव्वा टनाच्या आसपास भरतं. जुना थर काढलेला असला तर बहुतेक भार जिथल्या तिथे राहतो. न काढता वर नवा थर चढवायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

हे काम बिघडतं ते कडेला. गवंडी सवयीने स्कर्टिंग लादीवर टेकवून सिमेंटने सांधा भरतो, किंवा फाटलेल्या कागदातून सिमेंटचं पाणी खाली उतरून घट्ट होतं. असा एखादा कडक पूल तयार झाला, की ठोका तिथून सरळ भिंतीत शिरतो आणि बराचसा खर्च वाया जातो. म्हणून उरलेली पट्टी लादी बसल्यावरच कापायची, स्कर्टिंग लादीपासून तीन-चार मिलिमीटर वर ठेवायचं आणि फट सिलिकॉनने भरायची.

याची मर्यादाही स्पष्ट आहे. स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनाची स्वतःची एक लय असते. अशा जमिनीत ती बहुधा सेकंदाला 70 कंपनांच्या जवळपास येते. त्याहून बऱ्याच वरचे आवाज छान अडतात: बत्त्याची टकटक, खुर्ची सरकवणं, पडलेलं भांडं. मूल पलंगावरून उडी मारतं तेव्हाचा खोल धप्प मात्र त्या लयीच्या खालीच असतो आणि तो बहुतांशी तसाच येतो.

भिंतीतही हीच स्प्रिंग काम करते, फक्त तिथे ती हवेची असते. शेजारचा टीव्ही त्रास देतो म्हणून चार इंची विटांच्या भिंतीला एक जिप्सम बोर्ड जेमतेम सेंटीमीटरभर अंतर सोडून लावला, तर पातळ हवा ताठ स्प्रिंग ठरते. तिची लय 200 कंपनांच्या आसपास, म्हणजे नेमकी पुरुषी आवाजाच्या पट्ट्यात येते, आणि तिथे आवाज पूर्वीपेक्षा जास्त येऊ शकतो. बोर्ड दोन थरांचा करून भिंतीपासून दोन इंच दूर, भिंतीला न टेकणाऱ्या वेगळ्या फ्रेमवर उभा केला, तर तीच लय 65 च्या जवळ उतरते. पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, भरायचं, दाबून ठासायचं नाही. खोली सुमारे तीन इंचांनी लहान होते, पण टीव्हीतले शब्द कळेनासे होतात.

खालच्या घरातून छताला असाच दुहेरी बोर्ड टांगता येतो, पण थरथर भिंतींतूनही उतरत असल्याने त्याचा फायदा वरच्या जमिनीच्या कामाइतका नसतो. पैसे घालण्याआधी शेजाऱ्यांना एकच विनंती करावी: खलबत्त्याखाली जाड सतरंजीची घडी ठेवून दोन मिनिटं कुटून बघा. खाली ठोके मंदावले, तर आवाज धक्क्याचाच आहे. मग खलबत्त्याखाली रबराचा तुकडा आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावूनही बरंच भागतं.