फोटो आधी की बायोडेटा?

'स्थळात काय बघता?' असं विचारलं की घरोघरी शिक्षण, घराणं, पगार अशी उत्तरं येतात. रूपाचं नाव आधी घ्यायला माणूस संकोचतो. त्यामुळे कशाला किती वजन आहे, हे थेट विचारून कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कोलकात्यात म्हणूनच वेगळी वाट धरली. 'आनंदबाजार पत्रिका' या बंगाली दैनिकात लग्नाची जाहिरात दिलेल्या 783 घरांशी ते बोलले. जाहिरातीला आलेली पत्रं त्यांनी पसंतीच्या क्रमाने लावायला सांगितली. कोणतं पत्र वर गेलं आणि त्यात काय लिहिलं होतं, यावरून त्यांनी प्रत्येक गुणाचं वजन काढलं.

सगळ्यांत जड निघाली ती जात. वर जातीबाहेरचा नको म्हणून मुलीकडचे मुळीच न शिकलेला आणि एम.ए. झालेला यांच्यातला फरकही सोडून द्यायला तयार होते. मुलाकडच्यांसाठी जातीचं वजन 'अतिशय सुंदर' आणि 'दिसायला बरी' यांतल्या फरकाच्या दुप्पट होतं. म्हणजे रूप मोजलं जातं, पण अनेकांना वाटतं तितकं ते भारी नाही.

मग स्थळाला फोटो पाठवताना एवढी धास्ती का वाटते? मला कारण क्रमात दिसतं. वजन करायचं तर सगळे गुण एकाच वेळी तराजूत हवेत. एक कमी पडला तर दुसरा भरून काढतो. मोबाइलवर मात्र फोटो आधी दिसतो. मानसशास्त्रज्ञ जेनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये दाखवलं, की अनोळखी चेहऱ्याबद्दलचं मत सेकंदाच्या दहाव्या भागात बनतं. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त त्यावरची खात्री वाढते. तिथेच नकार ठरला, तर पदवी आणि पगार वाचलेच जात नाहीत.

आणि हा फोटो किती खरा? रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एकाच माणसाचे वेगवेगळे फोटो लोकांना दाखवले. एकाच व्यक्तीच्या दोन फोटोंमधला आकर्षकपणाचा फरक काही वेळा दोन वेगळ्या व्यक्तींमधल्या फरकाहूनही मोठा निघाला.

समजा, एम.एस्सी. झालेल्या एका मुलीने चेहऱ्यापासून 12 इंचांवर मोबाइल धरून सेल्फी काढला. इतक्या जवळून नाक 5 फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं, कारण नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ असतं. नकार आला तर तो तिच्या नाकाला नसून अंतराला असतो. ती बिचारी मात्र रूपालाच दोष देते, याचं मला फार वाईट वाटतं. दुसऱ्या कोणाला पाच फुटांवर उभं करून, खिडकीच्या उजेडात चार-पाच फोटो काढून पाठवले, तर एवढी चूक टळते. आणि स्थळ बघणाऱ्या घरात एकाने बायोडेटा मोठ्याने वाचावा, फोटो त्यानंतर उघडावा.