गुलाबी बाळ, निळं बाळ आणि उकिडवं बसणं

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे म्हटलं की घरचे आधी त्याची नखं बघतात. गुलाबी दिसली की आजी सुस्कारा सोडते, "निळं कुठं पडतंय? मग किरकोळ असेल." आणि सुनेनं ग्रहणात विळी हातात घेतली होती का, याची चौकशी सुरू होते. ग्रहणाचा इथे काडीचा संबंध नाही. हृदयाचे कप्पे गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच तयार होतात, बऱ्याचदा दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आत. पण नखांचा गैरसमज जास्त घातक आहे.

शाळेतली आकृती आठवा. उजवी जवनिका रक्त फुप्फुसांकडे ढकलते, डावी शरीराकडे. मधल्या पडद्याला भोक असेल तर रक्त कुठून कुठे जाईल? जिकडची वाट सोपी तिकडे. सगळा खेळ एवढाच आहे.

नुसतं भोक असेल, म्हणजे व्हीएसडी, तर डावीकडचा दाब जास्त असल्याने ऑक्सिजन भरलेलं रक्त उजवीकडे येतं आणि पुन्हा फुप्फुसांत जातं. शरीराला मिळणारं रक्त चांगलंच असतं, म्हणून बाळ गुलाबी. हा निळेपणा नसलेला प्रकार. भोक मोठं असेल तर फुप्फुसं मात्र रक्ताने तुंबतात. तेही लगेच नाही. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात. त्या सैल होतात तसा लोंढा वाढतो आणि बाळंतपणानंतर ठणठणीत घरी गेलेलं बाळ दीड-दोन महिन्यांनी धापा टाकत परत येतं. अनुभवी सिस्टर नखं बघत बसत नाही, दूध पिणं बघते. चार घोट घेऊन बाळ थांबतं, दम खातं, कपाळावर घाम येतो, वजन हलत नाही. ते झोपलेलं असताना ती पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा त्याहून जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले तर डॉक्टरांना हाक जाते.

आता तेच भोक, पण फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. शिवाय महाधमनी भोकावर सरकून बसलेली आणि उजवी जवनिका जोर लावून लावून जाड झालेली. हे चार दोष एकत्र असलेला आजार मार्सेयच्या फॅलो या डॉक्टरांनी 1888 मध्ये नीट वर्णन केला, म्हणून फॅलोचा चतुर्दोष. इथे उजवीकडच्या रक्ताला फुप्फुसापेक्षा महाधमनी सोपी वाटते. ऑक्सिजन न घेतलेलं रक्त थेट शरीरात जातं, बाळ निळं.

ही मुलं चालायला लागली की खेळता खेळता मध्येच उकिडवी बसतात. मला या आजारातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते, कारण त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. उकिडवं बसल्यावर मांड्या-गुडघ्यांतल्या धमन्या दबतात, शरीराकडची वाट अवघड होते. मग तेच रक्त नाइलाजाने अरुंद वाटेने फुप्फुसाकडे वळतं. छिद्र तेच, नळी तेवढीच, फक्त दोन वाटांमधला हिशेब बदलला.

तान्ह्या बाळाला बसता येत नाही, म्हणून सिस्टर बसवते. समजा, आठ महिन्यांचं बाळ सकाळी उठल्यावर रडतंय. रडता रडता श्वास खोल आणि भराभर होतो, ओठ जांभळे पडतात. हा 'स्पेल'. यात अरुंद वाट आणखी आवळते. रक्त काढायला आलेल्याला आधी थांबवायचं. बाळाला आईच्या कडेवर गुडघे छातीशी घेऊन धरायचं, ऑक्सिजन लावायचा, डॉक्टरांना बोलवायचं. आणि स्टेथोस्कोपमधला खरखराट बारीक झाला तर खूश व्हायचं नाही. तो आवाज भोकाचा नसतोच, अरुंद वाटेतून जाणाऱ्या रक्ताचा असतो. आवाज गेला म्हणजे फुप्फुसाकडे रक्तच जात नाहीये. बाळ मलूल पडलं, आचके आले तर जिवावरचं आहे.

आता पुन्हा नखं. हातपाय गार पडले तर निरोगी बाळाचीही नखं निळसर दिसतात, म्हणून बघायची जीभ. तीही फसवते. साधारण 100 मिलिलिटर रक्तात 5 ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असेल तेव्हा कुठे निळेपणा डोळ्यांना दिसतो. हिमोग्लोबिन 15 असेल तर हा एक तृतीयांश झाला. 8 असेल तर निम्म्याहून जास्त. म्हणजे रक्त कमी असलेलं मूल फिकटच दिसेल आणि आतून गुदमरत असेल. ऑक्सिमीटर बोटाला लावला की ते उघडं पडतं.

उलट फॅलोच्या मुलाचं शरीर भरपाई म्हणून तांबड्या पेशी जास्त बनवतं. त्याचं हिमोग्लोबिन 17-18 असायला हवं. रिपोर्टवर 12 आलं आणि पुढे 'नॉर्मल' छापलेलं असलं, तरी त्या मुलाच्या हिशेबात तो रक्तक्षयच. लोह कमी पडलंय का, हे बघायलाच हवं.