चायकिन ऑसिलेटर शून्याखाली गेला, म्हणजे नेमकं काय झालं?

शेअरमधल्या खरेदी-विक्रीचा जोर मोजणारा मार्क चायकिन यांचा हा ऑसिलेटर भावावर चालत नाही, अ‍ॅक्युम्युलेशन डिस्ट्रिब्यूशन लाइनवर, म्हणजे एडी लाइनवर चालतो. तेव्हा आधी ती लाइन पाहू. समजा, आजचा उच्चांक 110, नीचांक 100, बंद भाव 108 आणि व्हॉल्यूम 50,000. बंद भाव नीचांकाच्या 8 वर आणि उच्चांकाच्या 2 खाली आहे. 8 मधून 2 वजा करून दिवसाच्या पट्ट्याने, म्हणजे 10 ने भागलं की 0.6 येतात. त्याला व्हॉल्यूमने गुणलं की 30,000. हा आजचा ओघ. असे रोजचे ओघ बेरजेत टाकत गेलं की एडी लाइन तयार होते.

या लाइनच्या 3 दिवसांच्या ईएमएमधून, म्हणजे अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीतून, 10 दिवसांचा ईएमए वजा केला की झाला चायकिन ऑसिलेटर. थोडक्यात, भावाऐवजी एडी लाइनवर बसवलेला एमएसीडीच.

आता समजा, एडी लाइन बरेच दिवस रोज 1,000 ने चढते आहे. अशा सरळ चढावर 3 दिवसांचा ईएमए लाइनच्या 1 दिवस मागे राहतो आणि 10 दिवसांचा साडेचार दिवस. फरक साडेतीन दिवसांचा, म्हणून ऑसिलेटर 3,500 वर स्थिर राहतो. खरेदी जोरात चालू असूनही रेघ आडवी! रोजचा ओघ 400 वर आला तर ती 1,400 कडे उतरू लागते, पण एडी लाइन अजूनही चढतेच आहे. त्यामुळे नुसत्या उताराला विक्री म्हणणं चूक.

ओघ एकदम उलटून रोज उणे 1,000 झाला तर? ऑसिलेटर पहिल्या दिवशी साधारण 2,860 वर येतो, दुसऱ्या दिवशी 2,030, मग 1,180, मग 410. शून्य ओलांडायला पाचवा दिवस उजाडतो. कारण हिशेबात आजच्या ओघाला 0.32 वजन मिळतं, तर दोन दिवसांपूर्वीच्या ओघाला 0.42. शून्य ओलांडलं याचा अर्थ इतकाच की, असं वजन देऊन केलेल्या अलीकडच्या ओघांच्या बेरजेचं चिन्ह बदललं.

इथेच एक खोडी निघते. एखाद्या दिवशी प्रचंड व्हॉल्यूम झालं तर तो एकच दिवस रेघ शून्यापार नेतो आणि नंतर काही न घडताही ती आणखी एक-दोन दिवस त्याच दिशेने सरकते. म्हणून रेघेने शून्य ओलांडलं की मी आधी खालचे व्हॉल्यूमचे खांब बघतो. एकच खांब उंच असेल तर त्या संकेतावर माझा फारसा भरवसा नसतो.

दुसरी अडचण सूत्रातच आहे. वरच्या उदाहरणात कालचा बंद भाव 120 होता असं धरा. शेअर 10 टक्के पडला, तरी ओघ अधिक 30,000 च! कालचा भाव सूत्रात येतच नाही, त्यामुळे गॅप, म्हणजे कालच्या बंद भावापासूनची उडी, त्याला दिसत नाही. गॅपडाउननंतर रेघ शून्याच्या वर गेली, तर तो आकडा भावाच्या तक्त्यावर आधी पडताळून घ्यावा.